घसारा तेवढाच, पण कोणत्या वर्षी?

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचा कारखाना चालवणारे एक मामा आणि पुण्यात सनदी लेखापाल असलेली त्यांची भाची, अशा दोघांमधला हा वाद आहे. माणसं मी लेखासाठी उभी केली आहेत. त्यांचा वाद मात्र कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या कुठल्याही कारखान्यात आज चालू असू शकतो, कारण शेडच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत की नाही, हा प्रश्न तिथे सगळ्यांपुढे आहे.

मामांच्या टेबलावर एक प्रकल्प अहवाल आहे. खर्च १ कोटी. देखभाल वजा जाता विजेच्या बिलात वर्षाला १६ लाखांची बचत. आयुष्य २० वर्षं आणि शेवटी भंगाराची किंमत शून्य. कराचा दर २५ टक्के आणि वटावाचा दर १२ टक्के, म्हणजे मामांना आपल्या पैशावर वर्षाला निदान १२ टक्के सुटायला हवेत. अहवालाच्या शेवटच्या ओळीत निव्वळ वर्तमान मूल्य आहे उणे १ लाख ३ हजार. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे मी गोल धरले आहेत.

मामा: उणे आलंय. विषय संपला. कोटभर रुपये छपरावर घालून वर लाखाचा तोटा कशाला घ्यायचा? त्यापेक्षा भट्टीची पॅनेल बदलतो.

भाची: मामा, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण कराच्या ओळीत जो घसारा घेतलाय तो चुकीचा आहे. १ कोटी भागिले २० वर्षं, म्हणून दरवर्षी ५ लाख. हा तुमच्या ताळेबंदातला घसारा झाला. प्राप्तिकर खातं हा घसारा धरून कर काढतच नाही.

मामा: ताळेबंद एक आणि कराचा हिशेब दुसरा, हे मला ठाऊक आहे. पण घसारा शेवटी कोटीचाच मिळणार ना? ५-५ लाखांनी घेतला काय नि एकदम घेतला काय, कोटीवर २५ टक्के म्हणजे २५ लाख कर वाचणार. यात मूल्य बदलायला जागा कुठे आहे?

मामांचा हा प्रश्न अडाणी नाही. घसारा म्हणजे कुणाला दिलेली रक्कम नव्हे. यंत्राचे पैसे पहिल्याच दिवशी जातात, पुढे दरवर्षी होते ती फक्त नोंद. घसाऱ्याने रोख रक्कम हलते ती एकाच जागी: त्या नोंदीमुळे करपात्र नफा कमी होतो आणि तेवढ्यावरचा कर त्या वर्षी भरावा लागत नाही. ५ लाखांचा घसारा म्हणजे सव्वा लाखाची करबचत. दोन्ही पद्धतींत बचतीची बेरीज २५ लाखच होते. दोघांमधला सगळा वाद आहे तो ही बचत कधी हातात येते याचा.

भाची: तुमच्या भिशीत बाराही जण सारखेच पैसे भरतात आणि सारखेच उचलतात. तरी पहिल्या महिन्यात उचल मिळावी म्हणून लोक का धडपडतात?

मामा: पहिल्या उचलीचा पैसा वापरता येतो.

भाची: इथेही तेच आहे. सौर यंत्रणेला प्राप्तिकरात घटत्या शिल्लकेवर ४० टक्के घसारा आहे. पहिल्या वर्षी कोटीवर ४० लाख. उरले ६०, त्यावर ४० टक्के म्हणजे दुसऱ्या वर्षी २४ लाख. उरले ३६, म्हणून तिसऱ्या वर्षी १४ लाख ४० हजार. आता याच्या चौथाईने करबचत बघा: पहिल्या वर्षी १० लाख, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ३ लाख ६० हजार. चौथ्या आणि पाचव्या वर्षाची बचत मिळवली की पाच वर्षांत २३ लाखांच्या वर जातं. अहवालातल्या समान घसाऱ्याने त्याच पाच वर्षांत किती वाचतात?

मामा: सव्वा लाख गुणिले पाच. सव्वासहा.

भाची: म्हणजे पहिल्या पाच वर्षांत तुमच्याकडे जवळजवळ १६ लाख ८१ हजार जास्त राहतात.

मामा: राहतात, पण आपले होत नाहीत. सहाव्या वर्षापासून उलटी गंगा सुरू होणार. तुझ्या पद्धतीत तेव्हा घसारा उरलेलाच नसेल.

भाची: अगदी बरोबर. सहाव्या वर्षी घटत्या शिल्लकेची बचत पाऊण लाखाच्या आसपास येते आणि समान घसाऱ्याची सव्वा लाख असते. तिथून पुढची पंधरा वर्षं तुम्ही त्या मानाने जास्त कर भरत राहता आणि ते १६ लाख ८१ हजार परत जातात. मी याला करमाफी म्हणतच नाही. हे सरकारने दिलेलं कर्ज आहे. त्याला व्याज नाही, तारण नाही, फेड पंधरा वर्षांत पसरलेली. असं कर्ज तुमची बॅंक देईल का?

मामा इथे थोडे थांबतात. कर्जाची किंमत त्यांना कळते, ते रोज कॅश क्रेडिटवर व्याज भरतात. भाची मग दोन्ही बचती आजच्या किमतीत आणते. समान घसाऱ्याचं गणित सोपं आहे. दरवर्षी १ रुपया, २० वर्षं, १२ टक्क्यांनी, म्हणजे आजचे ७ रुपये ४७ पैसे. सव्वा लाखाला याने गुणलं की ९ लाख ३४ हजार. घटत्या शिल्लकेसाठी वर्षावर्षाची ओळ मांडायचीही गरज पडत नाही. घसाऱ्याच्या दराला घसाऱ्याचा दर अधिक वटावाचा दर या बेरजेने भागायचं. ४० भागिले ५२, म्हणजे सुमारे ७७ टक्के. २५ लाखांच्या करबचतीपैकी ७७ टक्के, म्हणजे १९ लाख २३ हजार, हे आजचं मूल्य. या सूत्रात घसारा अनंत काळ थोडाथोडा मिळत राहतो असं गृहीत आहे. पण ४० टक्क्यांच्या दराने वीस वर्षांनी शिल्लक इतकी नगण्य उरते की फरक पडत नाही.

मामा: म्हणजे एकाच २५ लाखांची किंमत एकीकडे सव्वानऊ नि दुसरीकडे सव्वाएकोणीस?

भाची: हो, फरक ९ लाख ८९ हजारांचा. आता अहवाल पुन्हा मांडू. १६ लाखांच्या बचतीवर ४ लाख कर जातो, हातात १२ लाख राहतात. वीस वर्षांच्या १२ लाखांची आजची किंमत ८९ लाख ६३ हजार. त्यात समान घसाऱ्याची ९ लाख ३४ हजार करबचत मिळवली की ९८ लाख ९७ हजार होतात. त्यातून कोटी वजा केले की तुमचे उणे १ लाख ३ हजार. त्याच जागी १९ लाख २३ हजार घाला. १०८ लाख ८६ हजार. अधिक ८ लाख ८६ हजार. पॅनेल तीच, छप्पर तेच, विजेचा दरही तोच, तरी निकाल उलटा.

मामा: हे मला पटत नाही. धंद्यात काहीच बदललं नाही आणि नुसती वर्षं पुढेमागे केल्यावर प्रकल्प चांगला कसा होतो?

भाची: वर्षं मी पुढेमागे केली नाहीत, कायद्याने केली आहेत. अहवाल लिहिणाऱ्याने ती परत सरळ रेषेत ताणून बसवली. प्राप्तिकरात तुम्हाला इथे निवडीचा हक्कच नाही. वीजनिर्मितीचाच धंदा असलेल्या उद्योगांना समान घसारा की घटती शिल्लक हे निवडता येतं, तेही एकदाच, पहिल्या विवरणपत्राच्या मुदतीआधी, आणि निवड पुढे बदलता येत नाही. स्वतःच्या वापरासाठी पॅनेल बसवणाऱ्या फौंड्रीला घटती शिल्लकच. समान घसारा तुमच्या ताळेबंदात राहू दे, तिथे तो योग्य आहे.

या मुद्द्यावर जरा रेंगाळायला हवं, कारण लहान कारखान्यांच्या अहवालांत हीच गफलत होते. अहवाल बॅंकेसाठी तयार होतो, म्हणून तो अपेक्षित नफा-तोटा पत्रकापासून सुरू होतो. त्या पत्रकात कंपनी कायद्याप्रमाणे आयुष्यावर विभागलेला घसारा असतो. त्याखाली 'करपूर्व नफा' येतो, त्याखाली त्याच नफ्यावर २५ टक्के कर, आणि मग कुणीतरी करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवून रोख प्रवाह काढतो. घसारा परत मिळवणं बरोबर. पण कर काढताना वापरलेला घसारा वेगळ्याच कायद्याचा असल्याने कराची ओळ पहिली पाच वर्षं फुगलेली राहते. ओळखायची खूण सोपी आहे: अहवालातला कर दरवर्षी जवळपास सारखाच दिसत असेल, तर कराच्या घसाऱ्याचा वेगळा तक्ता केलेलाच नाही.

मामा: पण बॅंकवाला काय म्हणतो माहीत आहे? मागे एका यंत्राच्या वेळी ताळेबंदात 'विलंबित कर देणं' म्हणून एक रक्कम वाढत गेली, तर त्याने विचारलं की हे कुणाचं देणं लागता.

भाची: ते देणं म्हणजे हीच आपण बोललेली रक्कम. पाच वर्षांनी ताळेबंदात पॅनेलची किंमत ७५ लाख दिसेल, कराच्या वहीत पावणेआठ लाख. फरक सव्वासदुसष्ट लाखांचा, त्यावर २५ टक्के म्हणजे १६ लाख ८१ हजार. सरकारच्या बिनव्याजी कर्जाची शिल्लक तिथे छापलेली असते. बॅंकवाल्याला सांगायचं की हे देणं कुणी मागायला येत नाही, ते वर्षावर्षाने आपोआप उतरतं.

मामा आता दुसऱ्या बाजूने येतात, आणि माझ्या मते त्यांचा हा भाग जास्त मोलाचा आहे.

मामा: बरं, मान्य केलं. पण तुझे सगळे १९ लाख एका गोष्टीवर उभे आहेत: पहिल्या वर्षी माझ्याकडे ४० लाखांचा घसारा वळता करायला तेवढा नफा हवा. गेली दोन वर्षं ऑर्डरी कशा होत्या, तुला माहीत आहे. कास्टिंगचे दर पडले, भंगार महाग झालं.

भाची: तेच विचारणार होते. विजेची बचत धरून, पॅनेलचा घसारा लावण्याआधी करपात्र नफा किती राहील?

मामा: चांगल्या वर्षी पन्नास-साठ लाख. वाईट वर्षी ५ लाखसुद्धा कसेबसे.

भाची: दरवर्षी ५ लाखच धरून बघू. पहिल्या वर्षी घसारा ४० लाखांचा, त्यातले ५ लाख नफ्यात जिरले. उरलेले ३५ लाख पुढच्या वर्षी ओढायचे. कायद्याने ते कितीही वर्षं ओढता येतात, वाया जात नाहीत. पण दुसऱ्या वर्षीही नफा ५ लाखच, तिसऱ्या वर्षीही ५ लाखच...

मामा: म्हणजे वर्षाला ५ लाखच वळते होणार.

भाची: हो. बरोबर वीस वर्षं, दरवर्षी ५ लाख.

मामा: हा तर समान घसाराच झाला. म्हणजे माझाच अहवाल.

भाची: आकड्याने अगदी तोच. करबचतीची किंमत परत ९ लाख ३४ हजार. कायद्याने घसारा जलद दिला तरी जिरवायला नफा नसेल तर तुमच्यासाठी तो जलद नाही. आणि साठलेल्या घसाऱ्यावर सरकार व्याज देत नाही.

मामा: मग वाईट वर्षी घसारा घेऊच नये. चांगल्या वर्षासाठी राखून ठेवावा.

भाची: तसं करता येत नाही. घसाऱ्याचा दावा केला नाही तरी तो केला असं धरूनच पुढची शिल्लक काढतात. ती पळवाट कायद्याने बंद केली आहे.

इथे मामांचा अहवाल चुकीच्या कारणाने का होईना, एका खऱ्या शक्यतेचं चित्र ठरतो. घसाऱ्याचा दर यंत्रासोबत येतो, पण त्याचं मूल्य यंत्र घेणाऱ्याच्या नफ्यावर ठरतं. एकच पॅनेल शेजारच्या नफ्यातल्या कारखान्याला १९ लाखांची करबचत देते आणि मामांना वाईट वर्षांत त्याच्या निम्मी. म्हणून विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'करलाभ' म्हणून जो एक ठोक आकडा छापलेला असतो, तो कुणाचा नफा धरून काढला, हे विचारल्याखेरीज त्याला अर्थ नाही. जुन्या करदरांवर राहिलेल्या कंपन्यांना आणखी एक अडथळा येतो, तो किमान पर्यायी कराचा. तो पुस्तकी नफ्यावर लागतो, आणि पुस्तकी नफ्यात संथ घसारा असतो. मामांची कंपनी २२ टक्क्यांच्या नव्या दरात आहे. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के पडतो, आणि तिथे हा किमान कर नाही. म्हणून भाची तो मुद्दा बाजूला ठेवते.

मामा: माझी खरी हरकत वेगळीच आहे. करासाठी यंत्र घेणं मला मुळात पसंत नाही. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तिकडे साक्रीला राहिल्या. पवनचक्कीला तेव्हा आधी १०० आणि पुढे ८० टक्के घसारा होता. ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही अशांनीही त्यात पैसे घातले. मार्च जवळ आला की धावपळ. एकदा घसारा घेऊन झाला की पातं फिरतंय की थांबलंय, याची मालकाला किती काळजी असणार?

भाची: त्यात तथ्य आहे. घसारा खर्चावर मिळतो, वीज किती झाली यावर नाही. म्हणून तर सरकारने २००९ साली दुसरी वाट दिली. जलद घसारा न घेणाऱ्याला निर्मिलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे. दोन्हींतलं एकच घेता यायचं.

मामा: मग २०१२ ला ते ८० टक्के काढून घेतले ते बरंच केलं.

भाची: त्याचं फळही बघा. मार्च २०१२ अखेर जलद घसारा थांबला आणि ती युनिटमागची रक्कमही थांबली. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३२०० मेगावॉट पवनऊर्जा उभी राहिली होती, पुढच्या वर्षी ती सुमारे १७०० वर आली. वारा तेवढाच होता. २०१४ मध्ये ८० टक्के परत आणले, आणि एप्रिल २०१७ पासून ४० वर आणले. आज तुमच्या पॅनेलला लागतो तो हाच दर.

मामा: ८० चे ४० केले म्हणजे फायदा अर्धा झाला असणार.

भाची: नाही, आणि हे बहुतेकांना खरं वाटत नाही. मघाचंच सूत्र लावा. ८० भागिले ९२, म्हणजे ८७ टक्के. ४० ला ७७ टक्के होते. २५ लाखांवर फरक अडीच लाखांचा. दर अर्धा झाला, मूल्य जेमतेम आठवा हिस्सा कमी झालं, कारण ८० टक्के काय नि ४० काय, बहुतेक घसारा पहिल्या चार-पाच वर्षांतच येतो. खरी उडी खालच्या दरांत आहे. साध्या यंत्रांचा १५ टक्के दर लावून बघा, १५ भागिले २७, म्हणजे ५६ टक्के.

मामा: माझ्या सगळ्या यंत्रांना तोच दर आहे. तोही घटत्या शिल्लकेचाच, म्हणजे जलदच म्हणायचा ना?

भाची: नावावर जाऊ नका. समजा सरकारने तुमच्या लेथला दहा वर्षं समान घसारा दिला असता, दरवर्षी १० टक्के. १२ टक्क्यांच्या वटावाने त्याची किंमत ५६.५ टक्के येते. १५ टक्के घटत्या शिल्लकेची ५५.६ टक्के. सरळ रेषा किंचित पुढेच आहे.

मामा: हे कसं?

भाची: कारण घटत्या शिल्लकेला शेपूट असते. पहिल्या वर्षी १५ मिळतात, १० पेक्षा जास्त. दुसऱ्या वर्षी पावणेतेरा, तिसऱ्या वर्षी पावणेअकरा, चौथ्यापासून १० च्या खाली. दहा वर्षं झाली तरी जवळपास २० टक्के किंमत घसारा न मिळालेली उरते. यंत्र मोडीत विकलं तरी ती एकदम मिळत नाही. एकाच दराच्या सगळ्या यंत्रांचा एक गट असतो, विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते आणि बाकीची शिल्लक गटात पडून १५-१५ टक्क्यांनी झिजत राहते. पंधरा वर्षांच्या समान घसाऱ्याशी तुलना केली तर मात्र १५ टक्के घटती शिल्लक स्पष्ट पुढे आहे, ५६ विरुद्ध ४५. म्हणजे कोणती पद्धत जलद हे नावावरून ठरत नाही. दर किती आणि समोरची सरळ रेषा किती वर्षांची, यावर ठरतं.

पाठ्यपुस्तकांत 'घटती शिल्लक म्हणजे जलद घसारा' असं एका दमात सांगतात आणि विद्यार्थी ते तसंच घेऊन बाहेर पडतात. मला हे सांगणं अपुरं वाटतं. १५ टक्क्यांच्या गटात कारखान्याची बहुतेक यंत्रं बसतात, आणि तिथेच ते विधान डळमळतं.

मामा: आणि हा १२ टक्क्यांचा वटाव? तो तर मी ठरवला. उद्या कुणी ९ म्हटलं तर?

भाची: ९ टक्क्यांनी समान घसाऱ्याची करबचत ११ लाख ४१ हजार येते आणि घटत्या शिल्लकेची २० लाख ४१ हजार. फरक ९ लाखांचा. १२ ला तो ९ लाख ८९ हजार होता. काही जण म्हणतात की धंद्याच्या कमाईपेक्षा करबचत जास्त खात्रीची, म्हणून तिला कर्जाच्या व्याजाइतकाच वटाव लावावा. लावा. तरी निर्णय हलत नाही. वटाव शून्याजवळ नेला तरच फरक नाहीसा होतो, आणि शून्य व्याजाने पैसा तुम्हाला कुणी देत नाही.

मामा: मग मला एकच सांग. या जलद घसाऱ्याने माझ्या छपराला काय मिळतं? टक्के नकोत.

भाची: समान घसारा धरला तर पॅनेलने वर्षाला १६ लाख १८ हजार वाचवले तरच पैसे जेमतेम फिटतात. जलद घसारा पुरा जिरला तर १४ लाख ४२ हजारांवरही फिटतात. वर्षाला पावणेदोन लाखांची सूट. पॅनेल दरवर्षी थोडी थकतात, फौंड्रीची धूळ बसते, विजेचे दर आयोग बदलतो. हे सगळं सोसायला ही सूट कामी येईल.

मामा: आणि नफा नसेल त्या वर्षांत ती सूट नाही.

भाची: नाही. म्हणून कागद बंद करण्याआधी पुढच्या चार-पाच वर्षांचा करपात्र नफा तुम्ही स्वतः लिहा. विक्रेत्याने नाही, मीही नाही. त्या नफ्यात ४०, २४, साडेचौदा लाख जिरतात का ते बघू. दुसरं, तारीख सांभाळा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात आलेल्या यंत्राला पहिल्या वर्षी अर्धाच घसारा. यंत्रणा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत प्रत्यक्ष चालू झाली पाहिजे. नुसता माल येऊन पडला, बिल झालं, एवढ्याने भागत नाही.

मामा: आणि आठवड्याने उशीर झाला तर?

भाची: पहिल्या वर्षी ४० ऐवजी २० लाख. उरलेलं पुढे मिळतंच, पण किंमत १९ लाख २३ हजारांवरून १८ लाख २० हजारांवर येते. लाखभर रुपयांचा आठवडा. मीटरची परवानगी आणि तपासणी यांना किती दिवस लागतात ते ठेकेदाराकडून आधीच लेखी घ्या.

मामांनी अजून होकार दिलेला नाही, आणि द्यायची घाईही नाही. त्यांच्या फौंड्रीचा नफा पुढची तीन वर्षं निदान तिशी-चाळिशीत राहणार असेल तर प्रकल्प घ्यावा, ५ लाखांवर रेंगाळणार असेल तर सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या आकड्यांसाठी वर्षावर्षाचा तक्ताच मांडावा लागेल, सूत्र तिथे पुरणार नाही. वाचकांपैकी ज्यांच्या टेबलावर असा अहवाल असेल त्यांना एक विनंती आहे. सही करण्याआधी कराची ओळ उघडा, तिथला घसारा ताळेबंदातला आहे की प्राप्तिकराचा हे विचारा, आणि त्याच्याशेजारी आपल्या करपात्र नफ्याचा स्तंभ लिहून घ्या.